ट्रेल न तोडता विषय कसा वेगळा काढायचा

*प्रश्न: नाशिकला एका छोट्या कंपनीत को-ऑर्डिनेशनला आहे, आठ महिने झाले. आमच्याकडे क्लायंटसोबत एकच मेल महिनोन्महिने चालतो, सुरुवात कोटेशनची आणि आता त्यातच पेमेंट, डिलिव्हरी, कम्प्लेंट सगळं. परवा विषय बदलला म्हणून मी नवीन मेल टाकला तर सर म्हणाले, ट्रेल तोडू नकोस. मग करायचं काय? नवीन मेल टाकायचा की त्यालाच सब्जेक्ट बदलून रिप्लाय करायचा?*

तुमचे सर चुकीचे नाहीयेत, आणि तुम्हीही नाही. सरांना भीती आहे ती पुराव्याची. सहा महिन्यांनी क्लायंट म्हणाला की असं ठरलंच नव्हतं, तर पहिल्या मेलपासून शेवटच्या मेलपर्यंत सगळं एकाखाली एक दाखवता यायला हवं. तुम्हाला काळजी आहे ती वेगळीच, की ज्याने काम करायचंय त्याला ते दिसलं पाहिजे. भांडण होतंय कारण दोघंही एकाच मेलकडून दोन वेगळी कामं मागताय.

माझे पहिले साहेब सरकारी खात्यातून निवृत्त होऊन आमच्या कंपनीत आलेले. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली ती अजून वापरतो. सरकारी पत्र बघा, वर दोन ओळी असतात. एक "विषय" आणि त्याखाली "संदर्भ". विषय बदलला की पत्र नवीन निघतं, त्यात कोणी घासाघीस करत नाही, पण संदर्भात जुन्या पत्राचा क्रमांक आणि तारीख येतेच. म्हणजे फाईल तुटत नाही आणि विषयही मिसळत नाहीत. मेलचंही अगदी तसंच करायचं, विषय बदलायचा आणि संदर्भ ठेवायचा. परवा तुमच्या मेलमध्ये बहुतेक विषय बदलला पण संदर्भाची ओळ राहून गेली, म्हणून सरांना तो तुटल्यासारखा वाटला.

मी पुण्यात शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये 17 वर्षं आहे, आधी परचेस आणि आता डिस्पॅच आणि क्लायंट को-ऑर्डिनेशन. सांगतोय ते या धंद्यातलं आहे, तुमच्याकडे माणसं किती, क्लायंट मेल कशात वाचतो, यावर थोडंफार बदलेल. तीन माणसांच्या ऑफिसात एकच मेल चालला तरी बिघडत नाही कारण तिघंही सगळं वाचतात. पण समोर डिझाइन, क्वालिटी, स्टोअर, अकाउंट असे वेगवेगळे लोक आले की बिघडायला लागतं.

एक प्रसंग पूर्ण सांगतो कारण त्यात सगळं आहे. एका क्लायंटला 4 मिमीचा एमएस ब्रॅकेट द्यायचा होता. मेलचा सब्जेक्ट "सॅम्पल अप्रूव्हल – ब्रॅकेट 4 मिमी" (आमचे मेल इंग्रजीत असतात, इथे मराठीत लिहितोय). पहिल्या सॅम्पलला दोन होलमधलं अंतर 0.4 मिमीने जास्त आलं, त्यावर ड्रॉइंग, फोटो, पुन्हा मोजमाप असं करत करत तेरा मेल झाले. चौदावा मेल क्लायंटच्या परचेसवाल्यांचा आला. पहिली ओळ: सॅम्पल ओके आहे, प्रॉडक्शन सुरू करा. खाली एक रिकामी ओळ सोडून दुसरी: पावसाळा सुरू झालाय, मागच्या मालावर गंजाचे डाग होते, तर या लॉटपासून पार्ट व्हीसीआय बॅगेत पॅक करून पाठवा.

व्हीसीआय बॅग म्हणजे गंज न लागू देणारी प्लास्टिकची पिशवी. साध्या पिशवीसारखीच दिसते पण प्लास्टिकमध्ये असं रसायन असतं जे आतल्या हवेत हळूहळू सुटतं आणि पत्र्यावर पातळ थर धरतं. ती आमच्या स्टोअरमध्ये नव्हती, ऑर्डर करून यायला चार-पाच दिवस लागतात.

आता त्या मेलला सीसीत कोण होतं बघा. डिझाइनचा मुलगा, क्वालिटीचे दोघं, आणि मी. कारण सुरुवातीला विषय सॅम्पलचा होता आणि सॅम्पलशी स्टोअर आणि पॅकिंगचा काही संबंध नव्हता. मी तो मेल मोबाईलवर बघितला. नोटिफिकेशनमध्ये सब्जेक्ट दिसतो आणि पहिली ओळ दिसते, दोन्हीत "सॅम्पल ओके" एवढंच होतं, बरं वाटलं आणि फोन खिशात टाकला. क्वालिटीच्या माणसाने रिप्लाय ऑल करून "नोटेड, थँक्स" लिहिलं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, त्याला सॅम्पलचं उत्तर मिळालं होतं. पण क्लायंटच्या दृष्टीने आम्ही पॅकिंगलाही हो म्हटलं होतं.

साधारण तीन आठवड्यांनी 1,200 नग नेहमीसारखे हलकं तेल मारून साध्या पिशवीत आणि खोक्यात गेले. जुलै महिना, ट्रक वाटेत पावसात थांबलेला, तिकडे माल उघडला तर कडांवर तांबूस डाग. लॉट होल्ड झाला. आम्ही दोन माणसं पाठवली, चार दिवस ते तिकडे बसून एकेक नग पुसत आणि तेल लावत होते. फोनवर आमचे पॅकिंगवाले शपथेवर सांगत होते की असा मेल आलाच नाही, आणि ते खरंच बोलत होते, त्यांना आला नव्हता. क्लायंट म्हणत होता आम्ही कळवलंय आणि तुम्ही नोटेड म्हटलंय, तेही खरंच.

माझं मत असं की तिथे कोणी निष्काळजी नव्हतं. ट्रेल बिलकुल तुटला नव्हता, पहिल्या मेलपासून सगळं एकाखाली एक होतं, तरीही माल गंजला. म्हणून मी म्हणतो की पुराव्यापुरता ट्रेल चांगला पण कामासाठी तेवढा पुरत नाही. मेलचा सब्जेक्ट वाचणाऱ्याला सांगतो की हे तुझ्यासाठी आहे का, आणि सीसीची यादी ठरवते की तो मेल कोणाला दिसणार. विषय बदलला आणि या दोन गोष्टी जुन्याच राहिल्या तर नवीन विषय जुन्या माणसांकडे जुन्या नावाने जातो. वरून जिमेलमध्ये एखाद्याने तो थ्रेड म्यूट केला असेल, किंवा आउटलुकमध्ये `Ignore Conversation` दाबलं असेल, तर पुढचे रिप्लाय त्याच्या इनबॉक्समध्ये येतही नाहीत, आउटलुक तर ते सरळ डिलीटेड आयटम्समध्ये टाकतं. लोक हे करतात हो, पंचवीस मेलचा सॅम्पलचा थ्रेड बघून कोणीही कंटाळतो.

मग केव्हा वेगळा काढायचा? प्रत्येक छोट्या फाट्याला नवीन मेल काढत बसलात तर उलटा त्रास होतो, दहा थ्रेड आणि एकही पूर्ण नाही. मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. या नव्या मुद्द्यावर काम करणारा माणूस वेगळा आहे का? याची तारीख वेगळी आहे का, म्हणजे जुना विषय संपल्यावरही हे चालूच राहणार का? आणि तीन महिन्यांनी मला हे शोधायचं झालं तर मी कुठला शब्द टाईप करीन, तो जुन्या सब्जेक्टमध्ये आहे का? यातल्या एकाचंही उत्तर वेगळं आलं तर वेगळा मेल. ब्रॅकेटच्या प्रसंगात तिन्ही वेगळे होते, माणूस स्टोअरचा, तारीख पुढच्या प्रत्येक लॉटची, शब्द "पॅकिंग". त्याउलट त्याच मेलमध्ये कोणी विचारलं असतं की सॅम्पल परत पाठवू का ठेवून घेऊ, तर त्याचं उत्तर एका ओळीत तिथेच, त्यासाठी नवीन मेल म्हणजे उगाच पसारा.

आता काढायचा कसा, इथे बहुतेक लोक अर्धंच करतात. चौदाव्या मेलनंतर आमच्याकडून असा मेल जायला हवा होता:

विषय: ब्रॅकेट 4 मिमी – पॅकिंगमध्ये बदल, व्हीसीआय बॅग, चालू लॉटपासून

संदर्भ: "सॅम्पल अप्रूव्हल – ब्रॅकेट 4 मिमी" या मेलमधला तुमचा आजचा मेल, सकाळी 11:20

तुम्ही लिहिलं आहे: "पावसाळा सुरू झालाय, मागच्या मालावर गंजाचे डाग होते, तर या लॉटपासून पार्ट व्हीसीआय बॅगेत पॅक करून पाठवा."

आम्ही बॅग मागवतोय, पाच दिवसांत येतील. एका बॅगेत किती नग ठेवायचे ते कळवा. बॅगचा खर्च सध्याच्या रेटमध्ये धरलेला नाही, त्याबद्दल उद्या वेगळं कळवतो. आमच्याकडून स्टोअर आणि डिस्पॅचला या मेलमध्ये घेतलं आहे.

यात बघा, क्लायंटचं वाक्य मी जसंच्या तसं आणलंय, माझ्या शब्दात सांगितलं नाही. हे महत्त्वाचं. नव्याने आलेल्या स्टोअरवाल्याला जुने तेरा मेल वाचावे लागू नयेत, आणि उद्या वाद झाला तर मूळ वाक्य याच मेलमध्ये सापडावं. जुन्या मेलची तारीख-वेळ आणि सब्जेक्ट लिहिला की ज्याला खोलात जायचंय तो शोधून जाईल. सब्जेक्टमध्ये पार्टचं नाव सुरुवातीला तसंच ठेवलं, म्हणजे "ब्रॅकेट 4 मिमी" सर्च केलं की दोन्ही थ्रेड एकाखाली एक येतात. तुमच्याकडे पीओ नंबर असेल तर तो प्रत्येक सब्जेक्टमध्ये ठेवा, तोच तुमचा फाईल नंबर.

अटॅचमेंट विसरू नका. रिप्लायमध्ये जुन्या अटॅचमेंट जात नाहीत, फॉरवर्डमध्ये जातात, आणि नवीन मेलमध्ये तर काहीच जात नाही. ड्रॉइंग लागणार असेल तर लेटेस्ट रिव्हिजनचं पुन्हा जोडा. स्टोअरच्या माणसाकडे आधीच्या मेलमधलं जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग पडलेलं असू शकतं आणि तो बिचारा तेच उघडतो.

आणि दुसरं अर्धं, जे जवळजवळ कोणीच करत नाही. नवीन मेल पाठवून झाला की जुन्या मेलवर परत या आणि त्याला रिप्लाय ऑल करून एक ओळ टाका: "सॅम्पल अप्रूव्हलबद्दल धन्यवाद, प्रॉडक्शन सुरू करतोय. पॅकिंगच्या बदलासाठी वेगळा मेल टाकला आहे, सब्जेक्ट 'ब्रॅकेट 4 मिमी – पॅकिंगमध्ये बदल', पुढचं त्यावर बोलू." ही ओळ नसेल तर काय होतं, क्लायंट जुन्या मेलवरच उत्तर देतो की एका बॅगेत पंचवीस नग, तुम्ही नवीन मेलवर वाट बघत बसता, आणि दुसरा कोणीतरी नवीन मेलवर लिहितो पन्नास. दोन थ्रेडवर दोन निर्णय, हे एका मिसळलेल्या थ्रेडपेक्षा वाईट. तुमच्या सरांचा राग याच अनुभवातून आला असणार असं मला वाटतं. दोन्ही बाजूंनी पाटी लावली, की इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाता येतं, मग ट्रेल तुटला असं कोणी म्हणू शकत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, नवीन मेल की सब्जेक्ट बदलून रिप्लाय. यासाठी मेल आतून कसे जोडले जातात ते थोडं माहीत हवं, फार अवघड नाहीये. प्रत्येक मेलला पाठवताना एक आयडी मिळतो, तो आपल्याला दिसत नाही. तुम्ही रिप्लाय दाबलं की तुमच्या मेलमध्ये गुपचूप लिहिलं जातं की हा अमुक आयडीच्या मेलला रिप्लाय आहे. जिमेलमध्ये मेलच्या उजवीकडे तीन ठिपक्यांत `Show original` आहे, ते उघडलं की असं काहीतरी दिसेल:

```
Subject: Re: Sample approval - Bracket 4 mm
In-Reply-To: <a14@mail.example.com>
References: <a12@mail.example.com> <a13@mail.example.com> <a14@mail.example.com>
```

गंमत बघा, इथेही विषय आणि संदर्भ या दोनच गोष्टी आहेत, आमच्या साहेबांनी सांगितलेल्याच. `Subject` म्हणजे विषय, `References` म्हणजे संदर्भ, मागच्या सगळ्या मेलचे क्रमांक. आणि ते `Re:` जे आपण रोज बघतो ते लॅटिन "इन रे" वरून आलंय, अर्थ "च्या बाबतीत". म्हणजे सॅम्पलच्या बाबतीत असं वर लिहून खाली पॅकिंगचं बोलायचं, असं आपण करत असतो.

तर मेल वाचण्याचं सॉफ्टवेअर या दोन ओळींपैकी कशाला जास्त मान देतं ते वेगवेगळं आहे. जिमेल सब्जेक्ट बदलला की कॉन्व्हर्सेशन तोडतं, संदर्भ असला तरी नवीन थ्रेड करतं. (शंभरच्या वर मेल झाले की सब्जेक्ट न बदलताही तोडतं, त्यामुळे महिनोन्महिने चालणारा तुमचा एकच ट्रेल कधीतरी आपोआपच तुटणार आहे, हे सरांना सांगायला हरकत नाही.) आउटलुकमध्येही सब्जेक्ट बदलला की सहसा वेगळं कॉन्व्हर्सेशन दिसतं. पण थंडरबर्डसारखी सॉफ्टवेअर संदर्भ बघतात, तिथे तुम्ही सब्जेक्ट कितीही बदला, मेल जुन्या झाडाच्या फांदीवरच लटकतो. समोरच्याने जुना सॅम्पलचा थ्रेड दुमडून ठेवला असेल तर तुमचा नवीन विषय त्याच्या पोटात दडून राहतो.

म्हणून माझी सवय अशी आहे. विषय खरोखर वेगळा असेल, माणसं वेगळी असतील, तर `Compose` करून कोरा मेल, आणि वर सांगितलं तसा संदर्भ हाताने लिहायचा. विषय जुन्यातूनच फुटलेला असेल आणि माणसं जवळपास तीच असतील, म्हणजे सॅम्पल अप्रूव्ह झालं आणि आता त्याच लोकांशी प्रॉडक्शनच्या तारखा बोलायच्यात, तर रिप्लाय करून सब्जेक्ट बदलायचा आणि जुना सब्जेक्ट शेवटी कंसात "पूर्वी:" लिहून ठेवायचा. इंग्रजी मेलमध्ये त्यासाठी `(was: Sample approval)` असं लिहायची फार जुनी पद्धत आहे. एकदोन मेल झाले आणि सगळ्यांना कळलं की तो कंस काढून टाकला तरी चालतो. खालचा ट्रेल तसाच राहतो, सरही खूश.

जिमेलमध्ये कॉम्प्युटरवर रिप्लाय करताना सब्जेक्ट दिसतच नाही, माझ्या मते लोक तो बदलत नाहीत याचं हे अर्धं कारण. रिप्लायच्या चौकटीत वर, पत्त्याच्या डावीकडे एक छोटा बाण असतो, त्यावर क्लिक केलं की यादीत `Edit subject` येतं, मग वेगळी खिडकी उघडते आणि सब्जेक्टची ओळ मिळते. आउटलुकमध्ये ती ओळ समोरच असते.

याच्या उलटी चूक पण असते आणि ती हुशार लोक जास्त करतात. नवीन मेल लिहायचाय पण पत्ते टाईप करायचा कंटाळा, म्हणून त्याच लोकांचा जुना कुठलातरी मेल उघडायचा, रिप्लाय ऑल, सब्जेक्ट पुसायचा, खालचं सगळं पुसायचं, नवीन लिहायचं. वरून बघायला अगदी कोरा मेल. पण आतली संदर्भाची ओळ पुसली जात नाही. मग समोरच्याकडे संदर्भ बघणारं सॉफ्टवेअर असेल तर ऑगस्टचा डिस्पॅच प्लॅन कोणाच्यातरी मार्चच्या कम्प्लेंटखाली जाऊन बसतो आणि तो म्हणतो मला मेल मिळालाच नाही. असं कोणी वारंवार म्हणत असेल तर तुमच्या पाठवलेल्या मेलचं `Show original` उघडा आणि `In-Reply-To` आहे का बघा. कोऱ्या मेलमध्ये ती ओळ नसते. असेल तर मेल कोरा नाही. पत्त्यांचा कंटाळा असेल तर क्लायंटवार ग्रुप करून ठेवा.

कोऱ्या मेलचा आणखी एक फायदा आहे जो सरांना नक्की पटेल. लांब ट्रेलमध्ये नवीन माणूस सीसीत घातला की खालचं सगळं त्याला जातं. एका वेळी आमच्याकडे प्लेटिंगच्या रेटवर आतल्या आत चर्चा चाललेली, आम्हाला कितीपर्यंत परवडतं ते आकड्यांसकट लिहिलेलं, आणि त्याच मेलवर पुढे पिकअपची वेळ ठरवायला कोणीतरी प्लेटिंगवाल्यालाच सीसीत घेतलं. त्याने खाली स्क्रोल केलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही, पण पुढच्या कोटेशनमध्ये त्याचा रेट बरोबर आमच्या वरच्या आकड्याला येऊन टेकला. तेव्हापासून बाहेरचा माणूस आत येणार असेल तर आमच्याकडे ट्रेलवर त्याला घ्यायचंच नाही, कोरा मेल, हा नियम आहे.

काही ठिकाणी मात्र सब्जेक्टला हात लावू नका. ज्या सपोर्टच्या मेलमध्ये सब्जेक्टमध्ये चौकटी कंसात तिकीट नंबर असतो तिथे ती सिस्टीम बऱ्याचदा त्या नंबरवरूनच मेल जोडते, तुम्ही नंबर पुसला तर नवीन तिकीट उघडू शकतं आणि तुमची तक्रार रांगेत परत शेवटी. त्याच न्यायाने, नवीन तक्रार असेल तर जुन्या तिकिटाच्या मेलवर रिप्लाय करून लिहू नका, जुनं तिकीट बंद झालेलं असेल तर तुमचं नवीन गाऱ्हाणं त्या बंद फाईलमध्ये जाऊन पडतं. आणि चालू थ्रेडच्या सब्जेक्टमध्ये स्पेलिंग चुकलेलं दिसलं तर सोडून द्या. एक अक्षर सुधारलं तरी जिमेलसाठी तो नवीन सब्जेक्ट, विषय तोच असून थ्रेडचे दोन तुकडे.

आता व्यवहारातली अडचण. क्लायंटचे वरिष्ठ एकाच मेलमध्ये चार विषय लिहितात, त्यांना आपण शिकवू शकत नाही आणि शिकवूही नये. मी काय करतो, त्यांच्या मेलला लगेच रिप्लाय करून चारही मुद्दे पोचल्याचं कळवतो आणि लिहितो की पहिल्या मुद्द्याचं उत्तर इथे, दोन आणि तीनचं आज संध्याकाळपर्यंत वेगळ्या मेलवर, चौथ्याचं अकाउंटकडून येईल. मग तसं पाठवतो. बहुतेक लोक पुढे आपल्या वेगळ्या मेलवरच उत्तर देतात कारण ते त्यांनाही सोपं पडतं. काही देत नाहीत, जुन्यावरच लिहित राहतात, तर त्यांचं वाक्य उचलून आपल्या नवीन थ्रेडवर आणून ठेवायचं, "जुन्या मेलवर आपण कळवल्याप्रमाणे" असं म्हणून. थोडं काम वाढतं, पण निर्णय एका जागी राहतात. आणि "नोटेड" एवढंच कधी लिहू नका, काय नोट केलं ते एका वाक्यात लिहा. आमच्या त्या माणसाने "सॅम्पल ओके नोटेड" लिहिलं असतं तर क्लायंटने त्याच दिवशी विचारलं असतं, आणि पॅकिंगचं काय?

सरांशी वाद घालू नका, पुढच्या वेळी विषय बदलला की पाठवण्याआधी ड्राफ्ट त्यांना दाखवा. वर संदर्भाची ओळ, क्लायंटचं वाक्य जसंच्या तसं, आणि जुन्या मेलवर टाकायची ती एक ओळही सोबत. त्यांना म्हणा, "सर, ट्रेल तसाच आहे, फक्त पेमेंटचं अकाउंटच्या मॅडमना दिसावं म्हणून वेगळं काढलंय, आणि दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख आहे." नाही म्हणाले तर त्या वेळी त्यांच्या पद्धतीने जाऊ द्या, पण मग निदान त्याच ट्रेलवर नवीन माणसाला सीसीत घेऊन पहिल्याच ओळीत त्याचं नाव घालून लिहा, "मॅडम, खालच्या मेलमधलं फक्त पेमेंटचं तुमच्यासाठी आहे", आणि सीसीत घेण्याआधी खालचा ट्रेल एकदा शेवटपर्यंत वाचून काढा.